बॅटरीतले उरलेले पाच टक्के

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या लिथियम-आयन बॅटरीतला एक सेल प्रयोगशाळेत काळजीपूर्वक उलगडला, तर आत गुंडाळलेल्या दोन लांब पट्ट्या निघतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्याची, दुसरी ॲल्युमिनियमच्या. दोन्हींवर काळ्या भुकटीचा थर बसवलेला असतो. त्या थरातला सुमारे ९५ टक्के भाग लिथियम साठवून ठेवण्याचे, म्हणजे बॅटरीचे खरे काम करतो. तांब्याच्या पट्टीवर तो बहुधा ग्रॅफाइट असतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लोह फॉस्फेट किंवा निकेल, मँगनीज व कोबाल्टचे मिश्र ऑक्साइड असते.

उरलेले पाच टक्के वीज साठवण्यात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत. पण ते काढून टाकले तर भुकटी पत्र्यावरून झडून जाईल, आणि जी टिकेल तिच्यापर्यंत वीज पोहोचणार नाही. या पाच टक्क्यांत दोन गोष्टी असतात. भुकटीचे कण एकमेकांना आणि पत्र्याला धरून ठेवणारा बाइंडर, आणि कणांमधून वीज नेणारा वाहक कार्बन. याच बाइंडरमुळे एका सेलच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या पद्धतींनी तयार होतात. तांब्यावरचा थर आता सर्रास पाण्यात कालवला जातो, तर ॲल्युमिनियमवरचा बहुतेक कारखान्यांत आजही एका घातक विद्रावकात कालवावा लागतो.

आधी कार्बनचे काम पाहू. ग्रॅफाइट स्वतः वीज वाहून नेते, म्हणून त्याच्यात जोडीला एखादा टक्का कार्बन पुरतो. लोह फॉस्फेटचे तसे नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये या पदार्थाचा उपयोग दाखवून दिला. पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित होता, पण वीज वाहून नेण्याच्या बाबतीत जवळजवळ विद्युतरोधकच. त्यामुळे आज त्याच्या प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ लेप दिला जातो आणि शिवाय मिश्रणात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय शुद्ध काजळी, मिसळली जाते.

या काजळीचा मूळ कण साधारण ४० नॅनोमीटरचा असतो, पण तो एकटा राहत नाही. असे अनेक कण जन्मतःच एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या बनतात. काजळी फार कमी घातली तर या साखळ्या सुट्या पडतात आणि थराचा विद्युत रोध मोठा राहतो. प्रमाण वाढवत नेले की एका टप्प्यावर साखळ्या एकमेकींना भिडतात, पत्र्यापासून थराच्या वरच्या पृष्ठापर्यंत सलग वाट तयार होते आणि रोध एकदम कोसळतो. त्यापुढे आणखी काजळी घालून फारसा लाभ होत नाही. उलट तिचे पृष्ठफळ प्रचंड असल्यामुळे ती बाइंडर स्वतःकडे ओढून घेते, मिश्रण घट्ट होते आणि वीज साठवणाऱ्या पदार्थाची जागा अडते.

मिश्रण ढवळण्यातही मर्यादा पाळावी लागते. कमी ढवळले तर काजळीचे गोळे राहतात. फार जोराने आणि फार वेळ ढवळले तर साखळ्याच तुटतात, आणि मिश्रण डोळ्यांना छान एकजीव दिसत असूनही थराचा रोध वाढतो. अलीकडे अनेक उत्पादक काजळीऐवजी किंवा तिच्या जोडीला कार्बन नॅनोट्यूब वापरतात. या नळ्या लांब असल्याने एका टक्क्यापेक्षा कमी प्रमाणातही जाळे पुरे होते. मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांना मोकळे करणे हेच मोठे काम होऊन बसते.

आता बाइंडर. बरीच वर्षे दोन्ही पट्ट्यांसाठी एकच बाइंडर चालत असे, पीव्हीडीएफ नावाचे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक. सेलच्या आतल्या तीव्र रासायनिक वातावरणात ते टिकते, हा त्याचा मोठा गुण. पण ते पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एनएमपी हा विद्रावक लागतो. तो सुमारे २०२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे थर वाळवताना सावकाश उडतो. त्याची वाफ वातावरणात सोडता येत नाही. ती थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करणारी यंत्रणा प्रत्येक भट्टीला जोडावी लागते. एनएमपी गर्भाच्या वाढीला अपायकारक आहे. युरोपीय संघाने मे २०२० पासून कामगाराच्या श्वासातल्या हवेत त्याची मर्यादा दर घनमीटरला १४.४ मिलिग्रॅम अशी बांधून दिली.

ग्रॅफाइटच्या बाजूला या कटकटीतून सुटका झाली ती दोन परिचित पदार्थांमुळे. एक सीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेला, पाण्यात विरघळणारा पदार्थ. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करायला तो वापरतात. दुसरा एसबीआर हा टायरमध्ये वापरला जाणारा कृत्रिम रबर, पण इथे तो पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात, म्हणजे लॅटेक्स म्हणून येतो. ग्रॅफाइट पाण्यात सहजी भिजत नाही. सीएमसी त्याच्या कणांना वेढून पाण्यात पसरवते आणि मिश्रण दाट ठेवते, जेणेकरून जड कण तळाशी बसत नाहीत. पण एकटे सीएमसी वाळल्यावर ठिसूळ होते. लवचिकपणा आणि पत्र्याला घट्ट चिकटण्याचे बळ एसबीआर देते.

एक किलो कोरड्या मालाचा हिशेब घेऊ. त्यात ९५५ ग्रॅम ग्रॅफाइट, १० ग्रॅम काजळी, १५ ग्रॅम सीएमसी आणि २० ग्रॅम एसबीआर असे प्रमाण ठेवता येते. प्रथम सीएमसी सुमारे ९८५ ग्रॅम पाण्यात सावकाश विरघळवायचे. घाई केली तर जेलीसारख्या गाठी राहतात आणि पुढे थरावर ओरखडे उमटतात. मग काजळी, मग ग्रॅफाइट घालून जोरात मळायचे. एसबीआर सर्वांत शेवटी, आणि तेही हलक्या हाताने, कारण जोराच्या घुसळणीने लॅटेक्सचे थेंब फुटून रबराच्या गुठळ्या होतात. ४० टक्क्यांचे लॅटेक्स घेतले तर ते ५० ग्रॅम लागेल. हे सारे झाल्यावर मिश्रणात जवळपास निम्मे घन आणि निम्मे पाणी असते. निर्वातात बुडबुडे काढले नाहीत तर थराला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. पत्र्यावर दर चौरस मीटरला १०० ग्रॅम कोरडा थर धरला, तर या एका किलोत १० चौरस मीटर पत्रा एका बाजूने झाकला जातो. रोलरखाली दाबल्यावर थराची जाडी साधारण ६५ ते ७० मायक्रोमीटर उरते.

यात सर्वांत नाजूक पायरी वाळवण्याची. भट्टी फार तापवून पाणी झपाट्याने उडवले, तर पाण्याबरोबर एसबीआरचे बारीक कण आणि काजळी वरच्या पृष्ठाकडे ओढली जातात. वर बाइंडरची दाटी होते आणि तळाशी, जिथे पत्र्याला धरून ठेवायचे आहे, तिथे तुटवडा. असा थर वरून निर्दोष दिसतो. दोष कळतो तो चिकटपट्टीच्या चाचणीत. थरावर चिकटपट्टी दाबून ठरावीक वेगाने सोलतात आणि लागलेले बळ मोजतात. बळ कमी भरले आणि पत्रा उघडा चकचकीत निघाला, तर बाइंडर वर सरकल्याचा संशय घ्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली याची खात्री करणेही सोपे नाही, कारण ग्रॅफाइट आणि रबर दोन्ही मुख्यतः कार्बनचेच. म्हणून संशोधक एसबीआरला ऑस्मियम टेट्रॉक्साइडने रंगवतात. ऑस्मियम रबरातल्या दुहेरी बंधांना चिकटते आणि रबर कुठे साठले आहे ते स्पष्ट दिसते.

थर जाड असेल तर आणखी एक अडचण येते. पाण्याचा पृष्ठताण एनएमपीपेक्षा बराच जास्त असल्यामुळे सुकताना कण एकमेकांकडे जोराने खेचले जातात आणि आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या थराला भेगा पडतात. पाण्यात थोडा अल्कोहोल मिसळून पृष्ठताण उतरवणे हा त्यावरचा एक उपाय आहे.

पाणी ॲल्युमिनियमच्या बाजूला का चालत नाही, याचे उत्तर त्या धातूतच आहे. निकेल असलेल्या ऑक्साइडची भुकटी पाण्यात पडली की तिच्या पृष्ठभागावरचे लिथियम बाहेर येते आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो. पाणी अल्कधर्मी होते, सामू ११ ते १२ पर्यंत चढतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक संरक्षक पापुद्रा असतो आणि सामू ९ च्या वर गेला की तो विरघळू लागतो. मग उघडा धातू पाण्याशी अभिक्रिया करतो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि ओल्या थरात खड्डे पडतात. मिश्रणात मोजके फॉस्फोरिक आम्ल घालून सामू खाली आणता येतो, किंवा पत्र्यावर आधीच कार्बनचा लेप देता येतो. पण निकेलचे प्रमाण जितके जास्त, तितके पृष्ठभागावरचे लिथियम जास्त गळते, आणि त्याबरोबर सेलची क्षमताही. हे नुकसान आम्ल घालूनही पुरते भरून निघत नाही.

अशा भुकटीला एनएमपीमध्येही पूर्ण सुरक्षितता नसते. जास्त निकेलच्या भुकटीवर उरलेले अल्कधर्मी लिथियम पीव्हीडीएफवर हल्ला करते. हवेतला दमटपणा आत शिरला तर मिश्रण तपकिरी पडते आणि काही तासांत जेलीसारखे थिजते. म्हणून असे मिश्रण कोरड्या हवेच्या दालनात बनवावे लागते.

लोह फॉस्फेट मात्र पाण्यात बरेच स्थिर राहते, त्यामुळे तिथे पाण्याचा मार्ग मोकळा आहे. अट एकच, ती म्हणजे वाळवणे. त्याचे कण फार बारीक असल्याने ओल धरून ठेवतात. ती ओल सेलमध्ये गेली तर आतल्या द्रावणातील लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट या क्षाराशी अभिक्रिया होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि ते दोन्ही पट्ट्यांना खाऊ लागते. म्हणून पाण्यात बनवलेली पट्टी सेलमध्ये गुंडाळण्यापूर्वी निर्वातात तासन्‌तास तापवावी लागते.

बदलाचा रेटा आता नियमांकडूनही येतो आहे. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी फ्लोरिनयुक्त चिवट रसायनांच्या संपूर्ण गटावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्या गटात पीव्हीडीएफही मोडते. दुसरीकडे सिलिकॉनच्या ॲनोडसाठी नवे जलविद्राव्य बाइंडर शोधले जात आहेत, कारण लिथियम शोषताना सिलिकॉन जवळजवळ चौपट फुगते आणि पीव्हीडीएफची पकड सुटते. सागरी शेवाळातले अल्जिनेट, गवारगम आणि अरबी डिंक या सर्वांवर सिलिकॉनसाठी प्रयोग झाले आहेत.

एखाद्या बॅटरीच्या जाहिरातीत ‘पाण्यावर आधारित उत्पादन’ असे वाचायला मिळाले, तर वाचकाने एक प्रश्न जरूर विचारावा: कोणत्या पट्टीबद्दल? ग्रॅफाइटच्या पट्टीबद्दल असेल, तर त्यात नवे काही नाही, ती रीत केव्हाच रूढ झाली आहे. ॲल्युमिनियमच्या पट्टीबद्दल असेल आणि भुकटी जास्त निकेलची असेल, तर तो मोठा दावा आहे. शेकडो वेळा चार्ज करून झाल्यावर त्या सेलची किती क्षमता उरते, याचे आकडे मागावेत.