पाणी मागे फिरत नाही

मी मराठीचा प्राध्यापक, कायद्याचा नव्हे. पण ‘स्थगिती’ या शब्दाने माझे लक्ष वेधले. संस्कृतात ‘स्थगित’ म्हणजे झाकलेले. कोर्टातही अर्थ फार दूर गेलेला नाही. स्थगितीने सरकारी हुकूम रद्द होत नाही. निकालापर्यंत तो झाकून ठेवला जातो. हुकूम रद्द होणे ही अगदी निराळी गोष्ट.

आमच्या परभणी जिल्ह्याला हा फरक 2023 साली चांगलाच कळला. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा आमच्याकडे येतो. ऑक्टोबरच्या मध्यास धरणात 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र 2014 साली ठरले होते. त्याप्रमाणे 30 ऑक्टोबर 2023 रोजी सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम निघाला. वरचे लोक स्थगिती मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

अशा वेळी न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. पहिली, अर्जदाराची बाजू सकृद्दर्शनी सबळ आहे काय? दुसरी, स्थगिती न मिळाल्यास भरून न निघणारे नुकसान होईल काय? तिसरी, सोयीअसोयीचे पारडे कुणीकडे झुकते?

दुसऱ्या कसोटीवर वरच्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गोदावरीत सोडलेले पाणी पुन्हा वर चढत नाही. पण स्थगिती दिली असती, तर खालच्यांचेही तसेच झाले असते. दिवस लांबतात, नदीचे पात्र कोरडे पडते, तेवढेच पाणी सोडूनही धरणात कमी पोचते. आणि निकाल उन्हाळ्यानंतर लागला, तर तो जिंकून काय उपयोग? म्हणजे नाव अंतरिम, पण परिणाम कायमचा, असे दोन्हीकडे होते.

येथे सार्वजनिक हित पारड्यात पडते. मात्र सरकारने तो शब्द उच्चारला, की काम भागले असे नाही. वरचा शेतकरीही जनताच आहे. म्हणून विचारावे लागते: कुणाची गरज पिण्याच्या पाण्याची, कुणाची पिकाची? हुकूम लहरीने निघाला, की आधी ठरलेल्या नियमाने? समन्यायी वाटपाचा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली उचलून धरला होता, त्यामुळे पहिली कसोटीही वरच्यांना जड होती.

नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि महिनाअखेरीस पाणी सुटले. आमच्याकडे काहींनी ‘खटला जिंकलो’ म्हणून पेढे वाटावेत, असे त्यात काही नव्हते. स्थगिती नाकारणे म्हणजे हुकूम बरोबर ठरवणे नव्हे. मूळ वाद उभाच राहतो. फक्त तोवर कोणी कळ सोसायची, एवढेच ठरते.