न दिसलेलं स्टेशन

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाणे आणि ऐरोली यांच्या मध्ये १२ जानेवारी २०२४ ला एक नवं स्टेशन सुरू झालं, दिघा गाव. या मार्गाने रोज जाणाऱ्यांना त्याची कित्येक वर्षं वाट पाहावी लागली होती. आपल्या गोष्टीतला इंजिनियर रोज याच गाडीने जायचा, पण गाडी इथे थांबते हे त्याला कळायला तीन आठवडे लागले. तेही ग्रुपमधल्या काकांनी सांगितलं म्हणून. "अरे, मान वर कर जरा. नवीन स्टेशन आलं ना!"

त्याचं नाव काहीही समजा. वय एकोणतीस, घर डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. सकाळची फास्ट लोकल त्याला नवाच्या सुमारास ठाण्याला सोडायची. तिथून दुसरी गाडी. शेअर बाजारात नऊ वाजता प्री-ओपन सुरू होतं आणि सव्वानऊला खरे व्यवहार. म्हणजे पुलावरची रेटारेटी संपवून तो ट्रान्स-हार्बरच्या दाराशी पाठ टेकवतो न टेकवतो, तोच चार्टवर पहिली कॅन्डल उमटायची. वेळापत्रक जणू दोघांनी मिळून ठरवलं होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने पन्नास हजार रुपये वेगळे काढले आणि इंट्राडे सुरू केलं. सकाळी घ्यायचं, त्याच दिवशी विकायचं. पाच मिनिटांचा चार्ट. हिरवी कॅन्डल म्हणजे त्या पाच मिनिटांत भाव वर गेला, लाल म्हणजे खाली आला. बाजार दिवसाला ३७५ मिनिटं चालतो, म्हणजे ७५ कॅन्डल. सकाळच्या प्रवासात दोन-तीन, बाकीच्या ऑफिसात, कॉफीच्या रांगेत आणि हो, बाथरूममध्येसुद्धा.

एकदा खाडी ओलांडताना नेट अडकलं. त्याने 'बाय' दाबलं होतं, पण पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. त्याने पुन्हा दाबलं. नेट आलं तेव्हा एकाऐवजी दोन ऑर्डर लागलेल्या होत्या आणि भाव घसरत होता. पहिली विनंती पोहोचली की नाही हे न तपासता दुसरी पाठवायची नाही, हा त्याच्या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम. तो एका पेमेंट प्रणालीच्या देखभालीवर काम करतो. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, याच गोष्टीचा पगार त्याला मिळतो. त्या दिवशी त्याला तोट्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटली.

मार्च संपला आणि बायकोने सरळ विचारलं, "सहा महिने झाले. किती आले?" त्याला आकडा सांगता येईना. बरेच दिवस नफ्यात गेल्याचं आठवत होतं. शेवटी एका रविवारी त्याने ब्रोकरच्या साइटवरून सगळी नोंदवही उतरवून घेतली आणि एक्सेलमध्ये मांडली.

१२३ दिवसांत ३७२ सौदे. त्यातले १९१ नफ्याचे, १८१ तोट्याचे. आठवण खोटी नव्हती, जिंकलेले सौदे खरोखरच जास्त होते. पण जिंकलेल्या सौद्यात सरासरी २१० रुपये मिळाले होते आणि हरलेल्यात सरासरी २४५ गेले होते. नफा दिसला की तो पटकन विकायचा. तोटा दिसला की 'येईल वर' म्हणून थांबायचा. गुंतवणूकदारांच्या या खोडीवर हर्ष शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलं आहे. तिला त्यांनी नावही दिलं आहे, पण डोंबिवलीच्या गाडीत तिला 'आशा' म्हणतात. दोन्ही बेरजा वजा केल्या की हिशेब ४,२३५ रुपयांच्या तोट्यात निघत होता. सहा महिन्यांचं शिक्षणशुल्क म्हणून हे चाललं असतं.

खरा धक्का पुढच्या रकान्यात होता. तो खर्चाचा रकाना.

त्याचा एक सौदा साधारण पन्नास हजारांचा असे. घेताना पंधरा आणि विकताना पंधरा असं तीस रुपये ब्रोकरेज. विकताना साडेबारा रुपये सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी. एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी धरून आणखी दहा-अकरा. मिळून सुमारे ५३ रुपये. एका सौद्याला ५३ म्हणजे काहीच नाही, ठाण्याला दोघांचा चहा-वडापाव. शेअर पाचशेचा असेल तर शंभर शेअरच्या सौद्यात भाव ५३ पैसे वर गेल्यावर कुठे माणूस शून्यावर येतो. पण ३७२ सौद्यांचे झाले १९,७१६ रुपये. भावाने चार हजार नेले आणि खर्चाने जवळपास वीस. पन्नास हजारांतले २३,९५१ रुपये सहा महिन्यांत गेले होते. त्यातल्या दर सहा रुपयांपैकी पाच त्याच्या अंदाजाच्या चुकीने गेले नव्हते. ते नुसतं बटण दाबण्याचे होते.

तो एकटाच होता असं नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडे करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेपेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर जात होतं. आपला इंजिनियर त्याच्या वेगाने वर्षभर चालला असता तर ७४० पर्यंत पोहोचला असता. अमेरिकेतही हेच दिसलेलं आहे. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६ हजारांहून जास्त कुटुंबांची खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले, पण सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या हाती ११.४ टक्केच आले.

इथवर ठीक. पण एवढे सौदे होतातच का? तो मुळात हावरट नव्हता. सौदे व्हायचे कारण तो सतत बघत होता, आणि बघितलं की हात शिवशिवायचे. हा भाग त्याला गणितातून उमगला.

समजा एखादा निर्देशांक वर्षाला सरासरी १२ टक्के वाढतो आणि त्याचे चढउतार १६ टक्क्यांच्या आसपास असतात. अशी वस्तू वर्षातून एकदाच पाहिली तर ती वर गेलेली दिसण्याची शक्यता ७७ टक्के येते. महिन्यातून एकदा पाहिली तर ५९. रोज पाहिली तर ५२. आणि पाच मिनिटांनी एकदा पाहिली तर ५०.२, म्हणजे नाणेफेक. वस्तू तीच, तिची वाढही तीच. नजर जितकी जवळ न्यावी तितकी वाढ दिसेनाशी होते आणि नुसती थरथर उरते. त्यात मनाचा स्वतःचा काटा आहेच. डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी दाखवून दिल्याप्रमाणे शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख साधारण दुपटीने टोचतं. दिवसाला ७५ वेळा नाणं उडवायचं आणि काटा आला की दुप्पट रडायचं, असा तो खेळ. श्लोमो बेनार्टझी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये हे दोन धागे एकत्र बांधले. वारंवार पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला तीच गुंतवणूक जास्त धोक्याची वाटते, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की ऑफिसात त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. तिथे सर्व्हरचा आलेख डोळ्यांत तेल घालून कोणी बघत बसत नाही. मर्यादा ठरवतात, ती ओलांडली की फोन वाजतो, नाहीतर नाही. सेकंदासेकंदाच्या आलेखावरून निर्णय घेणाऱ्या नव्या पोराला तो स्वतःच दटावायचा, "अरे, थांब. पंधरा मिनिटांची सरासरी बघ." मग बाजाराच्या वेळी हे सगळं कुठे जात होतं?

त्याने केलं ते फार नाट्यमय नव्हतं. इंट्राडे बंद. फोनवरचं ॲप काढलं, खातं ठेवलं. उरलेल्या पैशांची महिन्याला निर्देशांक फंडात एसआयपी लावली. जवळ तीन कंपन्यांचे शेअर होते, त्यांच्यावर ब्रोकरच्या साइटवरून जीटीटी लावल्या. जीटीटी म्हणजे ठरलेल्या भावाला पोहोचल्यावर आपोआप निघणारी ऑर्डर. हिला एक मर्यादा आहे, तीही त्याने समजून घेतली. बाजार सकाळी एकदम खाली उघडला आणि आपण सांगितलेल्या किमतीखालीच भाव सुरू झाला, तर ऑर्डर निघते पण सौदा होत नाही. म्हणून काही दिवसांनी त्यातलं एक तरी तपासायला हवं. त्यासाठी त्याने महिन्याचा पहिला शनिवार ठेवला. त्या दिवशी बाजार बंद असतो, त्यामुळे बघितलं तरी दाबायला काही नसतं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ठाण्याला गाडी बदलली की हात आपोआप खिशात जायचा. ॲप नाही म्हणून एकदा ब्राउझरमधून खातं उघडलं, दुसऱ्यांदा सहकाऱ्याच्या फोनमध्ये डोकावला. सव्वानऊ ते साडेनऊ ही पंधरा मिनिटं सगळ्यांत अवघड, कारण गाडीत दुसरं काम नसतं आणि सवयीला नेमकी वेळ ठाऊक असते.

मग ४ जून २०२४ आला, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी सव्वातीन टक्के चढून २३,२६४ वर बंद झाला होता. निकालाच्या दिवशी तो जवळपास सहा टक्के कोसळला आणि २१,८८४ वर थांबला. डब्यात त्या सकाळी सगळ्यांच्या माना खाली होत्या. ग्रुपमधल्या एकाने घाबरून सगळं विकलं आणि तसं जाहीरही केलं. आपल्या इंजिनियरने काकांना विचारलं, "तुमचं काय हो?" काका म्हणाले, "माझे शेअर आहेत ते सासऱ्यांच्या वेळचे. पासबुकसारखे. कोण बघतंय?"

त्यानेही त्या दिवशी खातं उघडलं नाही, पण बातम्या मात्र दहा वेळा पाहिल्या. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्या किंचित वर. शनिवारी पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्या आठवड्यात जवळपास काहीच घडलं नव्हतं. यावरून दर वेळी बाजार तीन दिवसांत सावरतो असं मात्र कोणी समजू नये. कधी वर्षं लागतात, आणि एकेकटी कंपनी तर कधीच सावरत नाही. काकांच्या पासबुकातही असे दोन-तीन कागद आहेत.

जुलैत विवरणपत्र भरताना शेवटचा भुर्दंड आला. इंट्राडेचा नफा-तोटा आयकर खात्याच्या लेखी सट्टा व्यवसायात मोडतो. त्यामुळे पगारदाराचा नेहमीचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. तो त्याने सीएकडून भरून घेतला आणि त्याचे वेगळे पैसे दिले. हा तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर चार वर्षं पुढे ओढता येतो, पण वजा होतो तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून. त्या नफ्यासाठी ॲप पुन्हा फोनवर घ्यावं लागेल. आजवर त्याने ते घेतलेलं नाही.