शारीरिक क्षमता चाचणी (नोकरभरती)

शारीरिक क्षमता चाचणी ही पोलीस, सैन्य, निमलष्करी दले, रेल्वे, वनविभाग, अग्निशमन दल अशा सेवांच्या भरतीत उमेदवाराची शारीरिक पात्रता ठरवण्यासाठी घेतली जाणारी चाचणी आहे. महाराष्ट्रात तिला सर्वसाधारणपणे ‘मैदानी चाचणी’ किंवा नुसते ‘ग्राउंड’ म्हणतात. धावणे, लांब उडी, उंच उडी आणि गोळाफेक हे तिचे नेहमीचे प्रकार आहेत. उंची, छाती व वजन यांची मोजणी म्हणजे शारीरिक मोजमाप चाचणी. ती यापासून वेगळी असते, कारण तिच्यात उमेदवाराला काही करून दाखवायचे नसते. मैदानी चाचणीत मात्र काही सेकंदांच्या किंवा सेंटिमीटरच्या फरकाने निकाल बदलू शकतो. त्यामुळे वेळ व अंतर कसे मोजले जाते आणि किती संधी मिळतात, या बाबी उमेदवाराच्या तयारीइतक्याच निर्णायक ठरतात.

पात्रता आणि गुण

या चाचण्यांच्या दोन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत चाचणी केवळ पात्रतेसाठी असते. ठरलेली मर्यादा गाठली की उमेदवार उत्तीर्ण होतो आणि त्याहून सरस कामगिरीचे जादा गुण मिळत नाहीत. रेल्वे सुरक्षा दलाची शिपाई भरती या प्रकारची आहे. तेथे पुरुषांना 1600 मीटर अंतर 5 मिनिटे 45 सेकंदांत धावावे लागते, 14 फूट लांब उडी व 4 फूट उंच उडी मारावी लागते. महिलांसाठी 800 मीटर 3 मिनिटे 40 सेकंदांत, 9 फूट लांब उडी व 3 फूट उंच उडी अशी मर्यादा आहे. पाच मिनिटांत धावणारा आणि पावणेसहा मिनिटांत पोहोचणारा असे दोघेही येथे सारखेच पात्र ठरतात.

दुसऱ्या पद्धतीत कामगिरीला गुण असतात व ते गुणवत्ता यादीत धरले जातात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुषांसाठी 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर धावणे 15 गुण आणि गोळाफेक 15 गुण अशी विभागणी आहे. महिलांना 1600 ऐवजी 800 मीटर धावावे लागते. किमान 50 टक्के गुण मिळवणाऱ्यांतून रिक्त पदांच्या दहापट उमेदवार 100 गुणांच्या लेखी परीक्षेसाठी बोलावले जातात. पूर्वी या भरतीत लांब उडीचाही समावेश होता.

गुण टप्प्यांनी दिले जातात. पुरुषांच्या 1600 मीटरला 5 मिनिटे 10 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेतल्यास पूर्ण 20 गुण मिळतात, 5 मिनिटे 30 सेकंदांपर्यंत 18 आणि 5 मिनिटे 50 सेकंदांपर्यंत 16. त्यामुळे 5:11 आणि 5:29 या वेळांत अठरा सेकंदांचे अंतर असूनही गुण समान राहतात, तर 5:30 आणि 5:31 यांत एका सेकंदाने दोन गुण जातात. टप्प्याच्या सीमेवर असलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने घड्याळाची अचूकता हाच खरा प्रश्न असतो.

वेळेची नोंद

वेळ मोजण्याची जुनी पद्धत हातातील स्टॉपवॉचची आहे. वेळनोंदक अंतिम रेषेजवळ उभा राहतो. 100 मीटरच्या धावेत इशारा देणारा पिस्तूलधारी त्याच्यापासून 100 मीटर दूर असतो आणि आवाजाला तेवढे अंतर कापण्यास सुमारे 0.29 सेकंद लागतात. म्हणूनच वेळनोंदकाने आवाजावर नव्हे, तर पिस्तुलाच्या धुरावर किंवा ठिणगीवर घड्याळ सुरू करावे असा नियम आहे. आवाज ऐकून बटण दाबल्यास प्रत्येक उमेदवाराचा वेळ जवळपास पाव सेकंदाहून अधिक कमी नोंदला जातो. धूर पाहून दाबले तरी बोटाच्या प्रतिक्रियेला थोडा वेळ लागतोच. याउलट अंतिम रेषेकडे येणारा धावक आधीपासून दिसत असल्याने तेथे तेवढा उशीर होत नाही. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. अॅथलेटिक्समध्ये 100 मीटरच्या हस्तनोंदीची विद्युत नोंदीशी तुलना करताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवण्याचा प्रघात यामुळेच पडला.

भरतीत या फरकाचे गुणांत रूपांतर होते. पुरुषांच्या 100 मीटरला 11.50 सेकंदांपर्यंत 15 गुण, 12.50 सेकंदांपर्यंत 12 आणि 13.50 सेकंदांपर्यंत 10 गुण असा तक्ता आहे. एखादा उमेदवार विद्युत घड्याळानुसार 12.60 सेकंदांत धावला, तर त्याला 10 गुण मिळतील. तीच धाव स्टॉपवॉचने मोजल्यास नोंद साधारण 12.4 सेकंद होईल आणि गुण 12 होतील. एकाच भरतीत वेगवेगळ्या मैदानांवर वेगवेगळ्या पद्धती वापरल्यास कामगिरीत फरक नसतानाही गुण असमान होतात.

1600 मीटरला ही अडचण सौम्य असते. 400 मीटरच्या धावपट्टीवर चार फेऱ्या होत असल्याने सुरुवात व शेवट एकाच जागी असतात आणि पाच मिनिटांच्या धावेत पाव सेकंद फारसा जाणवत नाही. तेथील अडचण वेगळी आहे. अनेक उमेदवार एकाच वेळी धावतात, कोणाची कितवी फेरी चालू आहे हे लक्षात ठेवणे अवघड होते आणि काही जण एकदम अंतिम रेषा ओलांडतात.

यावर उपाय म्हणून आरएफआयडी चिपचा वापर रूढ झाला. महाराष्ट्र पोलीस भरतीतही धावण्याच्या वेळा या तंत्राने नोंदवल्या जातात. उमेदवाराच्या पायाला किंवा छातीवरील क्रमांकाच्या कापडाला चिप लावलेली असते. धावपट्टीवर अंथरलेल्या चटईतील किंवा बाजूला उभारलेल्या अँटेनाला तिचा संकेत मिळतो आणि क्रमांकासह वेळ आपोआप नोंदली जाते. फेऱ्याही मोजल्या जातात. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला दुसरी चटई असेल, तर मधूनच वळून फेरी चुकवणाराही उघड होतो.

चिपच्या नोंदीत वेळ कोणत्या क्षणापासून धरली जाते, हे पाहणे आवश्यक असते. पिस्तुलाच्या इशाऱ्यापासून धरल्यास गटात मागे उभ्या असलेल्यांचे नुकसान होते. सुरुवातीच्या रेषेपासून दहा मीटर मागे असलेल्या उमेदवाराचे रेषेपर्यंत येण्यातच दोन ते तीन सेकंद जातात. प्रत्येकाने सुरुवातीची चटई ओलांडल्यापासून वेळ धरल्यास हा दोष राहत नाही.

100 मीटरला मात्र चिप आदर्श साधन नाही. अॅथलेटिक्सच्या नियमानुसार धावकाचे धड अंतिम रेषेच्या पातळीत येते तो क्षण धरला जातो. डोके, हात किंवा पाय नव्हे. घोट्याला बांधलेली चिप पाय पुढे असताना धडाच्या आधी आणि मागे असताना धडाच्या नंतर रेषा ओलांडते. पाय आणि धड यांत अर्धा-पाऊण मीटरचे अंतर पडले, तर सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणाऱ्याच्या वेळेत जवळपास दशांश सेकंदाचा फरक पडू शकतो. शंभर मीटरच्या मोठ्या स्पर्धांत फोटो-फिनिश कॅमेरा वापरण्याचे कारण हेच आहे.

मोजणी अचूक असली तरी धावलेले अंतर उमेदवारागणिक बदलते, याकडे दुर्लक्ष होते. 400 मीटर हे अंतर सर्वांत आतल्या लेनचे असते. दुसऱ्या लेनमधून पूर्ण फेरी मारल्यास सुमारे 7 मीटर जास्त धावावे लागते. आतल्या कडेने 1600 मीटर 5 मिनिटे 28 सेकंदांत पूर्ण करू शकणारा उमेदवार गर्दीमुळे चारही फेऱ्या दुसऱ्या लेनमधून धावला, तर त्याच वेगाने त्याला सुमारे 28 मीटर, म्हणजे जवळपास पावणेसहा सेकंद जास्त लागतात. त्याची वेळ 5:33 च्या पुढे जाते आणि गुण 18 ऐवजी 16 होतात. गट लहान ठेवल्यास हे बऱ्याच अंशी टळते.

लांब उडी आणि संधींची संख्या

लांब उडीचे अंतर उडी फळीच्या खड्ड्याकडील कडेपासून मोजले जाते. शरीराच्या कोणत्याही भागाने वाळूत उमटवलेल्या खुणांपैकी फळीला सर्वांत जवळची खूण धरतात आणि फीत फळीच्या रेषेला काटकोनात लावतात. यातून दोन गोष्टी घडतात. फळीच्या 20 सेंटिमीटर अलीकडून उडी घेणाऱ्याचे तेवढे अंतर वाया जाते. तसेच तोल जाऊन हात मागे टेकल्यास हाताची खूण मोजली जाते. 14 फूट म्हणजे सुमारे 4.27 मीटर. पाय 4.40 मीटरवर पडले, पण हात 4.15 मीटरवर टेकला, तर नोंद 4.15 मीटर होते आणि उमेदवार अपात्र ठरतो. पाऊल फळीच्या पुढे पडल्यास उडी बाद होते. पंच लाल निशाण दाखवतात, अंतर मोजले जात नाही, पण संधी वापरली गेली असे धरतात.

धावण्याला सहसा एकच संधी असते, कारण थकलेल्या उमेदवाराने लगेच पुन्हा धावण्यास अर्थ नसतो. उडीला एकाहून अधिक संधी मिळतात, कारण तिथे अपयश ताकदीपेक्षा पावलांच्या मापातून येण्याचा संभव अधिक असतो. रेल्वे सुरक्षा दलात लांब व उंच उडीला प्रत्येकी दोन संधी आहेत. दिल्ली पोलीस व केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या उपनिरीक्षक भरतीत पुरुषांना 3.65 मीटर लांब उडीसाठी तीन संधी मिळतात. एखादा उमेदवार सरावात दहापैकी सात वेळा मर्यादा गाठत असेल आणि प्रत्येक उडी स्वतंत्र मानली, तर एका संधीत त्याच्या अपयशाची शक्यता 30 टक्के, दोन संधींत 9 टक्के आणि तीन संधींत 3 टक्क्यांहून कमी राहते. प्रत्यक्षात पहिली उडी बाद झाल्यावर दडपण वाढते, त्यामुळे फायदा या हिशेबाहून थोडा कमी असतो. पात्रतेच्या चाचणीत पहिली उडी फळीच्या थोडी अलीकडून, सुरक्षितपणे घेण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात. गुणांच्या चाचणीत तोच सल्ला महागात पडू शकतो.

अंतर, हवामान आणि मृत्यू

धावण्याचे अंतर किती असावे हा प्रश्न वादग्रस्त राहिला आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत पूर्वी पुरुषांना 5 किलोमीटर धावावे लागे. जून 2014 मध्ये मुंबईतील भरतीत धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले आणि पुढे 1600 मीटर रूढ झाले. झारखंडमध्ये 2024 सालच्या उत्पादनशुल्क शिपाई भरतीत पुरुषांना एका तासात 10 किलोमीटर धावायचे होते. तेथेही अनेक उमेदवार दगावले. लांब अंतर, दमट उष्णता आणि आदल्या रात्रीचा प्रवास व अपुरी झोप एकत्र आल्यास शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. धावताना घाम येणे थांबणे, भ्रमिष्टासारखे बोलणे किंवा सरळ रेषेत न धावता येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी धाव थांबवून शरीर तातडीने थंड करावे लागते.

पावसाचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातील जून 2024 ची पोलीस भरती पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली आणि पाऊस झालेल्या ठिकाणी चाचणी पुढच्या तारखांना घेण्याची वेळ आली. चिखलात तीच व्यक्ती हळू धावते, पण गुणांचा तक्ता कोरड्या मैदानाचाच राहतो.