पाव टक्क्याचे मोल

नागपुरात बेसा किंवा मनीषनगरकडे फ्लॅटसाठी ४० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे आणि दर ८.५० टक्के धरू. मासिक हप्ता ३४,७१३ रुपये बसतो आणि एकूण व्याज ४३ लाख ३१ हजारांवर जाते, म्हणजे मुद्दलाहूनही जास्त.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने कमी केला. तशीच कपात कर्जाच्या सुरुवातीलाच मिळून दर ८.२५ झाला, तर हप्ता ३४,०८३ होतो. महिन्याला वाचतात जेमतेम ६३० रुपये, पण २० वर्षांत सुमारे दीड लाख.

खरी गंमत पुढे आहे. हप्ता ३४,७१३ च ठेवला तर कर्ज साधारण साडेदहा महिने आधी फिटते आणि व्याज सुमारे ३ लाख ७० हजारांनी घटते. कर्ज जितके जुने, तितका हा फायदा कमी.

दर वाढला की हेच उलटे फिरते: ८.७५ टक्क्यांना तोच हप्ता ठेवल्यास मुदत वर्षभराहून अधिक लांबते. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितले. तो बँकेकडे लेखी मागा.