वाफेला लागणारी जागा

पातेल्यात पाणी खळखळा उकळत असताना गॅसची उष्णता पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. पण सगळी नाही. तिचा एक लहान हिस्सा वरच्या हवेला मागे सारण्यात जातो, आणि हा हिस्सा नेमका मोजता येतो.

18 ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. द्रवरूपात ते जेमतेम चार चहाचे चमचे भरतं. 100 अंश सेल्सिअसला त्याचीच वाफ झाली की तिला सुमारे 30.6 लिटर जागा लागते. ही जागा रिकामी नसते, तिथे हवा असते. वातावरणाचा दाब 101.3 किलोपास्कल. दाबाला आकारमानातल्या वाढीने गुणलं की प्रसरणाचं कार्य मिळतं: सुमारे 3.1 किलोज्यूल. या मोलभर पाण्याची वाफ करायला 40.7 किलोज्यूल उष्णता लागते. ही झाली एन्थाल्पीतली वाढ. तिच्यातून 3.1 वजा केले की उरलेले 37.6 किलोज्यूल वाफेच्या आंतरिक ऊर्जेत जमा होतात.

आकारमान न मोजताही हे उत्तर मिळतं. वायूसाठी दाब आणि आकारमान यांचा गुणाकार nRT इतका असतो. 8.314 ला 373 केल्विनने गुणा, 3101 ज्यूल येतात. म्हणून सूत्र असं:

ΔH = ΔU + ΔnRT

Δn म्हणजे शेवटी असलेल्या वायूचे मोल वजा सुरुवातीच्या वायूचे मोल. द्रव आणि घन पदार्थांची जागा वायूच्या मानाने नगण्य, म्हणून ते यात धरत नाहीत.

प्रयोगशाळेत इंधनाची उष्णता मोजताना याच सूत्राची गरज पडते. बाँब कॅलरीमापीचं पोलादी भांडं घट्ट बंद असतं. आकारमान बदलत नाही, प्रसरणाचं कार्य शून्य, त्यामुळे तिथे ΔU मिळते. प्रोपेनसाठी 25 अंशांना ती मोलमागे सुमारे −2212.6 किलोज्यूल आहे. उघड्यावरच्या ज्वलनासाठी मात्र ΔH हवी.

एक मोल प्रोपेन आणि पाच मोल ऑक्सिजन मिळून सहा मोल वायू. ज्वलनानंतर तीन मोल कार्बन डायऑक्साइड आणि चार मोल पाणी. 25 अंशांना पाणी द्रव, म्हणून Δn = 3 − 6 = −3. RT इथे 2.48 किलोज्यूल, तिप्पट केली की 7.4. ΔH झाली −2220 किलोज्यूल. वायू कमी झाल्याने उलट वातावरणानेच कार्य केलं, म्हणून उष्णता थोडी जास्त मिळाली.

विद्यार्थी चुकतात ते इथेच. पाणी वायू धरलं तर Δn +1 होतो आणि दुरुस्तीची दिशाच उलटते. दुसरी चूक एककांची: R मधून ज्यूल येतात, ΔH किलोज्यूलमध्ये असते. म्हणून समीकरण लिहिताना आधी प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहा, मगच मोल मोजा.