अंकांमागची निळी सावली

आमच्या सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे आलं ते बाकी सगळे नको म्हणाले म्हणून. पहिल्याच महिन्यात ऑडिटरने मागच्या वर्षाचा बँक खात्याचा उतारा एक्सेलमध्ये मागितला. बँकेने दुय्यम प्रत म्हणून अकरा छापील पानं दिली. क्रीम कागद, मध्यभागी बँकेचं फिकट निळं बोधचिन्ह आणि त्यावरून तिरपं, राखाडी अक्षरांत ‘दुय्यम प्रत’. माणसाला हे सगळं वाचायला काही अडचण येत नाही, डोळे मागचं मागे ठेवतात. मी पानं स्कॅन करून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दिली, तेव्हा मात्र बोधचिन्हाच्या कडेवरचा 3 त्याला 8 दिसला, तिरप्या अक्षरांतून जाणाऱ्या ओळी अर्ध्यातच तुटल्या आणि कुठे कुठे नसलेले स्वल्पविराम उगवले.

असं काही हातात आलं की आधी एक गोष्ट बघावी. फाइल जर बँकेच्या साइटवरून उतरवलेली पीडीएफ असेल आणि त्यातले अंक माउसने निवडता येत असतील, तर चित्राच्या वाटेला जायचंच कारण नाही. तिथे मागचं बोधचिन्ह वेगळं असतं आणि मजकूर वेगळा, त्यामुळे तो सरळ उचलता येतो. पुढचं सगळं कागद किंवा कागदाचा फोटोच हाती असलेल्यांसाठी.

स्कॅन केलेल्या रंगीत चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला. तिन्ही 0 असले तर काळा, तिन्ही 255 असले तर पांढरा. माझ्या तिसऱ्या पानावर कर्सर फिरवून मी आकडे टिपून घेतले. कोरा कागद 246, 244, 238. निळं बोधचिन्ह 196, 216, 240. छपाईचे अंक 70, 68, 72. आता फक्त शेवटचा, निळा आकडा पाहा. कागद 238, बोधचिन्ह 240, अंक 72. निळ्याच्या बाजूने पाहिलं तर कागद आणि बोधचिन्ह यांत फरकच उरत नाही. निळ्या काचेतून निळी रेघ दिसेनाशी होते, तोच प्रकार. काळी शाई मात्र तिन्ही बाजूंनी काळीच दिसते.

बहुतेक जण इथेच चुकतात. रंगीत स्कॅन घेतात आणि पहिल्याच पायरीला ते राखाडी करून टाकतात. राखाडी करताना तिन्ही आकड्यांची सरमिसळ होते, त्यात हिरव्याला सर्वांत जास्त वजन असतं आणि निळ्याला सर्वांत कमी. माझ्या पानावर त्या हिशेबाने कागद 244 आणि बोधचिन्ह 213 निघतं. जो फरक एका झटक्यात पुसता आला असता, तोच आपण पक्का करून बसतो. स्कॅनरवर थेट ‘काळा-पांढरा’ पर्याय निवडणं तर त्याहून वाईट. तेव्हा स्कॅन रंगीतच घ्यावा आणि PNG किंवा TIFF मध्ये जतन करावा. JPEG रंगाची माहिती सहसा काटकसरीने साठवतं, त्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगाची झालर येते.

ही युक्ती जुनी आहे. यंत्राने वाचायचे फॉर्म मुद्दामच फिकट लाल किंवा हिरव्या शाईत छापायची पद्धत होती. यंत्राने त्या रंगाकडे डोळेझाक केली की चौकटी गायब आणि फक्त भरलेला मजकूर शिल्लक. आपण तेच करतोय, फक्त इथे रंग आपल्याला विचारून निवडलेला नाही.

नियम सोपा: मागची नक्षी ज्या रंगाची, त्याच रंगाचा थर ठेवायचा. हिरवट नक्षी असेल तर हिरवा, गुलाबी असेल तर लाल. नक्षी अनेक रंगांची असेल तर प्रत्येक ठिपक्याच्या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा घ्यावा, असं पुष्कळदा सांगतात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. काही उताऱ्यांत नावे पडलेल्या रकमा लाल शाईत छापतात. लाल अंकाचा मोठा आकडा 200 च्या आसपास असतो, म्हणजे नक्षीबरोबर खर्चाचा आख्खा रकाना पुसला जातो आणि खातं अचानक श्रीमंत दिसू लागतं. निळ्या थरात लाल अंक चांगले गडद राहतात. निळ्या बॉलपेनने कुणी केलेली दुरुस्ती मात्र तिथे फिकी पडते. म्हणून थर निवडण्याआधी पानावर कोणकोणत्या शाया आहेत ते नजरेखालून घालावं.

निळं गेलं, राखाडी ‘दुय्यम प्रत’ उरलं. राखाडीत तिन्ही आकडे सारखेच असतात, तेव्हा रंगाची युक्ती तिथे चालत नाही. वरवर पाहता उपाय सोपा आहे: एका ठरावीक आकड्यापेक्षा उजळ ते सगळं पांढरं करायचं. मी 600 डीपीआयवर स्कॅन केलं होतं, जास्त बारीक तेवढं चांगलं या समजुतीने. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं की राखाडी असं तिथे काही नव्हतंच. लेसर प्रिंटरकडे राखाडी शाई नसते. तो बारीक काळे ठिपके विरळ पसरतो आणि आपला डोळा त्याला राखाडी म्हणतो. स्कॅनरने ते ठिपके एकेक करून टिपले होते, आणि प्रोग्रॅम त्यांनाच दशांशचिन्हं आणि स्वल्पविराम समजत होता. उगवलेल्या स्वल्पविरामांचं गूढ हे होतं.

इलाज म्हणजे चित्र आधी किंचित धूसर करायचं आणि अर्ध्यावर आणायचं, म्हणजे 300 डीपीआय. ठिपके आणि मधला कागद एकमेकांत मिसळतात आणि 190 ते 210 ची जवळजवळ सपाट छटा मिळते. ती पुसता येते. पण धूसर करणं अंकांनाही लागतं, आणि त्यात सर्वांत आधी बळी जातो खऱ्या दशांशचिन्हाचा. माझ्या पानावर अंकांचा गाभा 72 च्या आसपास राहिला, पण दशांशचिन्हाचा सर्वांत गडद भाग 140 पर्यंत उजळला. आधीच्या एका प्रयत्नात मी 128 ला सरळ रेघ मारली होती, खाली ते काळं आणि वर ते पांढरं. सगळी दशांशचिन्हं गेली आणि 12,450.00 चे साडेबारा लाखांच्या जवळपास झाले.

म्हणून रेघ न मारता उतार ठेवायचा. 89 च्या खालचं सगळं काळं, 186 च्या वरचं सगळं पांढरं, मधलं प्रमाणात पसरवायचं. 140 चं दशांशचिन्ह यात मध्यम राखाडी होऊन टिकतं. GIMP मध्ये हे काम Colors मेन्यूतल्या Levels ने होतं, आणि थर वेगळे करायला त्याच मेन्यूत Components खाली Decompose आहे. अकरा पानं एकेक करून कोण करणार, म्हणून मी इमेजमॅजिकची एक ओळ वापरली:

```
magick pan3.png -blur 0x1.5 -resize 50% -channel B -separate +channel -level 35%,73% saf3.png
```

यात B म्हणजे निळा थर, 35% म्हणजे 255 पैकी 89 आणि 73% म्हणजे 186. हे आकडे माझ्या पानाचे आहेत. तुमच्या पानासाठी तीन ठिकाणी कर्सर ठेवा: नक्षीच्या सर्वांत गडद भागावर, एखाद्या दशांशचिन्हावर आणि एखाद्या ठळक अंकावर. पांढऱ्याची सीमा पहिल्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडली पाहिजे. त्या दोहोंमध्ये जागाच नसेल, म्हणजे नक्षी दशांशचिन्हाइतकीच गडद असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा आणि ते पान हाताने टंकावं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत आणखी एक अडचण येते: एका कोपऱ्यात कागद 240 तर सावलीतल्या कोपऱ्यात 170. तिथे एकच सीमा सगळ्या पानाला लागू पडत नाही. शक्य असेल तर फोटो सोडून स्कॅनरकडेच जावं.

स्वच्छ पान प्रोग्रॅमला दिलं आणि नवीच अडचण उभी राहिली. सगळे अंक बरोबर, पण रकाने एकात एक मिसळलेले. कारण तक्त्याच्या उभ्या रेघाही फिकट निळ्याच होत्या, बोधचिन्हाबरोबर त्याही गेल्या. मग त्याच स्कॅनमधला लाल थर काढला. त्यात रेघा 150 च्या आसपास होत्या, म्हणजे चांगल्या उठून दिसत होत्या. रेघा कुठे आहेत ते लाल थरातून घेतलं, अंक निळ्या थरातून वाचले, आणि त्या मापाने रकाने पाडले. दोन्ही थर एकाच स्कॅनमधले, एकाच प्रमाणात लहान केलेले, त्यामुळे एकावर एक बिनचूक बसतात.

आता हे सगळं खरंच बरोबर उतरलं का, हे कसं ओळखायचं? बँकेच्या उताऱ्याचं बरं असतं, त्याची तपासणी त्याच्या पोटातच असते. मागची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर पुढची शिल्लक. एक्सेलमध्ये शेजारी एक रकाना काढून प्रत्येक ओळीला हे गणित लावलं. एका ओळीत मागची शिल्लक 84,310.50, नावे 8,275.00 आणि छापील शिल्लक 81,035.50 होती. गणिताने शिल्लक 76,035.50 यायला हवी. फरक बरोबर 5,000. एवढा गोल फरक आला की हजाराच्या घरातला एकच अंक चुकलाय हे कळतं, आणि 8 वजा 3 म्हणजे 5. कागद उचलून पाहिला, रक्कम 3,275.00 होती. तो 3 बोधचिन्हाच्या कडेवर नेमका बसला होता आणि कडेचा बारीक अवशेष त्याची तोंडं बंद करून गेला होता.

तारखा, चेक नंबर आणि तपशील यांना मात्र असं गणित नाही. तारखा निदान चढत्या क्रमाने आहेत का ते बघता येतं. चेक नंबर मी पानावर बोट ठेवून एकेक जुळवले, त्याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

पुसलेली पानं मी फक्त आकडे वाचण्यापुरती वापरली आणि नंतर काढून टाकली. ‘दुय्यम प्रत’ हे शब्द बँकेने कारणाने छापलेले असतात, ते पुसलेला कागद दस्तऐवज म्हणून कुणाला देऊ नये. ऑडिटरच्या फाइलला एक्सेलसोबत बोधचिन्ह, शिक्का आणि तिरप्या अक्षरांसकट मूळ अकरा पानंच जोडली.