बारापैकी तीन

हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलासमोर एक जुना छापील कागद टाचणीनं लावलेला आहे. कागदावर दोन स्तंभ आणि वर शीर्षक: ‘२०२१ मधील महसूलवाढ’. इन्फोसिसचा स्तंभ ६.१ टक्क्यांचा, कॉग्निझंटचा ११.१ टक्क्यांचा. खाली निळ्या शाईनं तीनच शब्द लिहिलेत: ‘फक्त बारापैकी तीन’.

लेखकानं हा कागद आधी फोनवर पाहिला होता. एका परिचितानं त्याचा फोटो पाठवला होता आणि सोबत लिहिलं होतं, ‘दोन्ही आकडे बरोबर आहेत, तरी तक्ता चुकीचा आहे.’ बरोबर आकड्यांचा चुकीचा तक्ता कसा होतो, ते पाहायला लेखक एका पावसाळी सकाळी वाकडचा पूल आणि शिवाजी चौकातली गर्दी ओलांडून हिंजवडीत पोचला.

टेबल एका पस्तिशीच्या विश्लेषक बाईंचं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडायचे, आकडे एका तक्त्यात आणायचे आणि एका कंपनीशेजारी दुसरी ठेवता येईल अशी त्यांची मांडणी करायची, हे त्यांचं काम. ज्या दोन कंपन्यांचा तो कागद आहे, त्या दोघींची मोठी संकुलं याच राजीव गांधी इन्फोटेक पार्कात आहेत. धंदा एकच, ग्राहक बरेचसे एकाच प्रकारचे, अभियंतेही एकाच कॉलेजांतून येणारे. फरक आहे तो हिशेबाची वही मिटण्याच्या तारखेत. इन्फोसिसची वही ३१ मार्चला मिटते आणि कॉग्निझंट या अमेरिकी कंपनीची ३१ डिसेंबरला.

“नवीन मुलगा होता,” बाई कागदाकडे बघत म्हणाल्या. “हुशार. दोन्ही अहवालांतून ‘२०२१’ हा शब्द शोधला आणि समोरचा आकडा उचलला. त्याला रागवायचं कशासाठी? पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.”

इन्फोसिस जिला ‘आर्थिक वर्ष २०२१’ म्हणते, ती एप्रिल २०२० ते मार्च २०२१ ही मुदत असते. वर्ष ज्या साली संपतं, त्या सालाचं नाव त्याला मिळतं. कॉग्निझंटचं २०२१ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर २०२१. बाईंनी कागदावर दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एकीखाली एक. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर येत होत्या ती जागा पेन्सिलनं भरली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बारापैकी तीन.

बाकीचे नऊ महिने एका कंपनीसाठी करोनाच्या पहिल्या वर्षाचे होते आणि दुसरीसाठी त्यानंतरच्या उसळीचे. एप्रिल ते जून २०२० या काळात जगभरातल्या ग्राहकांनी कामं थांबवली. त्या तिमाहीत इन्फोसिसचा महसूल आधीच्या तिमाहीच्या ३१९.७ कोटी डॉलरवरून ३१२.१ कोटींवर आला. हा खड्डा इन्फोसिसच्या ‘२०२१’ मध्ये पडतो आणि कॉग्निझंटच्या ‘२०२०’ मध्ये. त्यामुळे कागदावरचा मोठा स्तंभ बराचसा कॅलेंडरानं उभा केलेला होता.

मग तुलना करायची कशी? बाई वार्षिक आकडा बाजूला ठेवतात आणि तिमाह्यांपर्यंत खाली उतरतात. इन्फोसिसचे तिमाही निकाल काढायचे, मुदत तपासायची आणि जानेवारी ते डिसेंबरच्या चार तिमाह्या नव्यानं एकत्र बांधायच्या. २०२१ साठी ३६१.३, ३७८.२, ३९९.८ आणि ४२५.० या चार आकड्यांची बेरीज होते १,५६४.३ कोटी डॉलर. २०२० साठी ३१९.७, ३१२.१, ३३१.२ आणि ३५१.६ मिळून १,३१४.६ कोटी. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा १९ टक्क्यांनी जास्त आहे.

म्हणजे तेच बारा महिने समोरासमोर ठेवले, तर इन्फोसिसची वाढ १९ टक्के आणि कॉग्निझंटची ११.१ टक्के. कागदावर जी मागे पडलेली दिसत होती, ती कंपनी प्रत्यक्षात बरीच पुढे होती. चूक टक्क्या-दोन टक्क्यांची असती तर ती खपून गेली असती. इथं निष्कर्षच उलटा झाला होता.

“शॉर्टकट नाही का एखादा?” लेखकानं विचारलं. चार-चार तिमाह्या दर वेळी कोण बेरजेला घेणार?

आहे, आणि बराच वापरलाही जातो. आधीच्या आर्थिक वर्षाचा पाव भाग घ्यायचा, पुढच्याचा पाऊण भाग घ्यायचा आणि दोन्ही मिळवायचे. जानेवारी ते मार्च म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, एवढाच त्यामागचा विचार. बाईंनी तेही करून दाखवलं. २०२१ साठी या रीतीनं १,५६२.४ कोटी येतात. खऱ्या बेरजेत आणि यात दोन कोटी डॉलरसुद्धा अंतर नाही. लेखकाला वाटलं, काम झालं.

“आता २०२० करून बघा,” त्या म्हणाल्या.

२०२० साठी पाव-पाऊण रीत १,३३६.६ कोटी देते. खरा आकडा १,३१४.६ कोटी, म्हणजे २२ कोटी डॉलर हवेतून आले. कारण साधं आहे. वर्षभर महसूल सारखाच येतो, किंवा एकाच चालीनं वाढतो, असं ही रीत गृहीत धरते. २०२० मध्ये तिमाह्या ना सपाट होत्या, ना एकाच चालीनं वाढणाऱ्या. पाऊण वाटा आर्थिक वर्ष २०२१ चा घेतला की २०२१ च्या जानेवारी ते मार्चमधली जोरदार तिमाहीसुद्धा थोडी २०२० मध्ये सांडते. या आकड्यांवर वाढ काढली तर ती १६.९ टक्के येते, १९ नाही. ज्या वर्षी काही घडलेलं नसतं त्या वर्षी ही रीत चोख चालते. ज्या वर्षाबद्दल लोकांना जाणून घ्यायचं असतं, नेमक्या त्या वर्षी ती फसते.

दुपारी कॅन्टीनचा वेलचीवाला चहा आला. कपाच्या वाफेत बाई पडद्यावरची एक चौकट दाखवत होत्या. अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, दोन्ही कंपन्या कागदपत्रं दाखल करतात. कॉग्निझंटचा वार्षिक अहवाल १०-के नमुन्यात असतो, परदेशी कंपनी म्हणून इन्फोसिसचा २०-एफ नमुन्यात. एसईसीच्या माहितीसाठ्यात प्रत्येक कंपनीच्या नावापुढे चार अंकांची एक नोंद असते. इन्फोसिससाठी `0331`, कॉग्निझंटसाठी `1231`. महिना आणि दिवस. बाई कुठलाही अहवाल उघडताना पहिल्यांदा हे चार अंक बघतात आणि तक्त्यात कंपनीच्या नावाआधी लिहितात. त्याच साठ्यात कॅलेंडर वर्षाप्रमाणे आकडे मागवण्याचीही सोय आहे. तिथं ज्या वर्षाशी मुदत सगळ्यात जास्त जुळते, त्या वर्षात आकडा टाकला जातो, म्हणून मार्च २०२१ ला संपलेलं इन्फोसिसचं वर्ष २०२० च्या रांगेत बसतं. बारापैकी तीनच्या जागी बारापैकी नऊ महिने जुळतात. हे पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं, पण पूर्ण नाही.

महसुलाचं एवढ्यावर भागतं. नफ्यात आणखी एक गाठ असते, कारण खर्चाचंही वेळापत्रक असतं. करोनामुळे लांबवलेली पगारवाढ इन्फोसिसनं १ जानेवारी २०२१ पासून दिली. आर्थिक वर्ष २०२१ मध्ये त्या वाढीचा भार फक्त तीन महिन्यांचा दिसतो. कॅलेंडर वर्ष २०२१ मध्ये तो पहिल्या दिवसापासून बारा महिने आहे. नफ्याचं प्रमाण तुलनेला घेताना बाई म्हणूनच शेजारी पगारवाढीची तारीख टिपून ठेवतात.

ताळेबंदाची गोष्ट त्याहून अवघड आहे. महसूल मुदतीचा असतो, त्याच्या तिमाह्या जोडता येतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो. ३१ मार्चची ग्राहकांकडली येणी आणि ३१ डिसेंबरची येणी यांचा पाव-पाऊण करून काहीच निघत नाही. इन्फोसिस दर तिमाहीला ताळेबंद देते, त्यामुळे ३१ डिसेंबरचा कागद हाती लागतो. पण भारतातल्या इतर अनेक नोंदणीकृत कंपन्या ताळेबंद सप्टेंबर आणि मार्च असा वर्षातून दोनदाच देतात. अशा कंपनीची डिसेंबरवाल्या कंपनीशी तुलना करताना बाई येण्यांची चौकट रिकामी सोडतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी खंत होती. रिकामी चौकट बघून वरिष्ठ विचारतात, “अगं, इथं आकडा कुठं आहे?”

हा तारखांचा गुंता इथल्या मातीला नवा नाही. महाराष्ट्रातला व्यापारी पिढ्यान् पिढ्या दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडत आला आणि सरकार एप्रिल ते मार्च चालत आलं. प्राप्तिकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपवायचं, हे १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सक्तीचं झालं. कंपन्यांच्या हिशेबाच्या वहीला २०१३ च्या कंपनी कायद्यानं तीच तारीख लावली. परदेशी कंपनीशी जोडलेल्यांना परवानगीनं वेगळं वर्ष ठेवता येतं, म्हणून आजही काही भारतीय ताळेबंदांवर डिसेंबर दिसतो.

तारीख बदलतानाही आकडे घसरतात. एचसीएल टेक्नॉलॉजीजचं वर्ष पूर्वी जुलै ते जून होतं. ते मार्चवर आणताना मार्च २०१६ ला संपलेलं ‘वर्ष’ नऊ महिन्यांचं झालं. नेस्ले इंडियानं उलट बाजूनं, जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असं पंधरा महिन्यांचं वर्ष धरलं. ज्या आलेखात फक्त साल छापलेलं असतं, त्यात पहिली कंपनी कोसळल्यासारखी दिसते आणि दुसरी झेपावल्यासारखी. बाई याबाबत कठोर आहेत. महिन्यांची संख्या लिहिलेली नसेल तर त्या तक्ता परत पाठवतात, मग तो कुणाचाही असो.

पाऊस थांबला होता. खाली कंपन्यांच्या बस रांगेनं लागल्या होत्या. पडद्यावर आता ॲक्सेंचरचा अहवाल होता, ३१ ऑगस्टला संपणाऱ्या वर्षाचा. कॉग्निझंटच्या शेजारी ठेवायचा तर त्याच्या तिमाह्या नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, ऑगस्टला तुटतात, म्हणजे डिसेंबरशी काटेकोर जुळणारी एकही नाही. बाईंनी नव्या ओळीत आधी `0831` टाइप केलं, पुढच्या चौकटीत ‘एक महिना मागे’ असं लिहिलं आणि मग पहिल्या आकड्याला हात घातला.